नऊ तासांत तीस किलोमीटर : हिशेब कुणाच्या पायांचा?

महिला दिन, एखाद्या संस्थेचा रौप्यमहोत्सव, कर्करोग तपासणीची मोहीम, अशा निमित्तांनी गावोगावी वॉकेथॉन आणि एक दिवसाचे ट्रेक निघतात. पत्रकावर अंतर ठळक छापलेले असते, टी-शर्ट नि प्रमाणपत्राचीही नोंद असते. खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते : अमुक चेकपॉइंट अमुक वाजता बंद होईल, त्यानंतर येणाऱ्यांना पुढे सोडले जाणार नाही. हाच कट-ऑफ. तीस किलोमीटर चालू शकणाऱ्या बाईला अठराव्या किलोमीटरवर टेम्पोत बसवणारी ओळ हीच. आपल्या गटांतल्या बायका उत्साहाने नावे नोंदवतात, पण ती ओळ कुणी नीट वाचत नाही. अशा कार्यक्रमांना आपण सहआयोजक म्हणून उभ्या राहतो तेव्हाही तिचा हिशेब मागत नाही. या लेखात तो मांडायचा आहे, कारण त्या हिशेबात कुणाचे शरीर गृहीत धरले आहे हे त्यातच दिसते.

आधी एक मान्य करू. कट-ऑफ निव्वळ जाच म्हणून ठेवलेला नसतो. अंधार पडण्याआधी शेवटची व्यक्ती डोंगरातून खाली यायला हवी. रस्त्यावरचा बंदोबस्त, रुग्णवाहिका, पाण्याच्या टाक्या, प्रत्येक वळणावर उभे असलेले स्वयंसेवक हे सगळे किती वेळ थांबणार यालाही मर्यादा असते. मुदत नसलेली चाल ही शेवटच्या दहाजणींसाठी धोक्याची चाल असते. तेव्हा कट-ऑफ हवाच. तो कसा काढला, हे विचारायचे आहे.

बहुतेक ठिकाणी तो भागाकाराने निघतो. एकूण अंतर भागिले एकूण तास. ऑक्सफॅमच्या ‘ट्रेलवॉकर’चे उदाहरण घ्या. १९८१ साली हाँगकाँगमध्ये गुरखा सैनिकांच्या सिग्नल तुकडीचा सराव आणि निधिसंकलन म्हणून ही चाल सुरू झाली. १९८६ पासून तिथे सामान्य नागरिक ऑक्सफॅमबरोबर चालू लागले, आणि २०१२ साली ती आपल्याकडे बंगळूरजवळ झाली. नियम असा की चौघांच्या गटाने १०० किलोमीटर ४८ तासांत पार करायचे. भागाकार केला तर ताशी दोन किलोमीटरच्या किंचित वर. हे ऐकून कुणीही म्हणेल, एवढे तर आम्ही डोक्यावर हंडा घेऊन चालतो. तरीही अशा चालींत माणसे वाटेत गळतात. कारण त्या ४८ तासांत जेवण येते, झोप येते, पायाला आलेले फोड बांधणे येते, रात्रीच्या अंधारात मंदावणारे पाऊल येते आणि चढ येतो. सरासरी वेगात हे सगळे मिसळून जाते आणि दिसेनासे होते. शिवाय चालणाऱ्याला अख्ख्या अंतराची सरासरी गाठायची नसते, त्याला पुढचा चेकपॉइंट वेळेत गाठायचा असतो.

हे नीट समजण्यासाठी आपल्याकडच्या एका दिवसाच्या चालीचे वेळापत्रक घेऊ. वेळापत्रक मी उदाहरणासाठी मांडते आहे, पण अशा पत्रकांत साधारण हेच आकडे असतात. सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव, डिसेंबरचा महिना, एकूण ३० किलोमीटर. सकाळी ६ वाजता सुरुवात. पहिला चेकपॉइंट ८ किलोमीटरवर, डांबरी रस्त्याने. तो ८ वाजता बंद. दुसरा १५ किलोमीटरवर, घाट चढून, म्हणजे त्या ७ किलोमीटरांत ४५० मीटरची चढण. तो साडेदहाला बंद. तिसरा २३ किलोमीटरवर, दुपारी १ वाजता बंद. शेवट ३० किलोमीटरवर, दुपारी ३ वाजता. एकूण नऊ तास, म्हणजे सरासरी ताशी ३.३ किलोमीटर. पत्रकात लिहिलेले असते, ‘कुणालाही सहज जमेल अशी गती’.

आता टप्प्याटप्प्याने पाहू. पहिल्या टप्प्यात ८ किलोमीटरला दोन तास आहेत. म्हणजे ताशी चार, किंवा एका किलोमीटरला १५ मिनिटे. (मैत्रिणींनो, ताशी किलोमीटरपेक्षा एका किलोमीटरला किती मिनिटे हे माप धरा. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात आणि हातात घड्याळ असते. दोन दगडांमधली मिनिटे मोजायला शाळेचे गणित पुरते.) म्हणजे सरासरी ३.३ सांगितली, पण पहिल्याच दाराशी चारची मागणी केली.

दुसऱ्या टप्प्यात चढ आहे. चढाचा हिशेब करण्याचा एक जुना नियम विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितला आणि तो अजून वापरात आहे. सपाटीवर तीन मैलांना, म्हणजे साधारण पाच किलोमीटरला, एक तास, आणि दर २००० फूट चढणीला आणखी एक तास. आपल्या मापात ६०० मीटर चढणीला एक तास, म्हणजे ४५० मीटरला ४५ मिनिटे. आता ताशी चार किलोमीटर चालणारी बाई हा टप्पा किती वेळात पार करील? ७ किलोमीटरला १०५ मिनिटे, वर चढणीची ४५, एकूण १५० मिनिटे. ८ ते साडेदहा म्हणजे बरोबर १५०. म्हणजे हे वेळापत्रक अशा माणसासाठी आहे, जे सुरुवातीच्या ठोक्याला रेषेवरून निघेल, साडेचार तास एका लयीत चालेल आणि एकदाही थांबणार नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही. उसंत कुठे आहे? तिसऱ्या टप्प्यात अर्धा तास आणि चौथ्यात पंधरा मिनिटे. म्हणजे नऊ तासांत पाऊण तास, तोही सगळा घाट चढून झाल्यावर.

आता या वेळापत्रकात खऱ्या बाईला चालवून पाहू. तिची चाल ताशी चारचीच धरू, आणि साडी, चप्पल, रोजची सवय लक्षात घेतली तर ती चांगलीच चाल आहे. सुटण्याच्या ठिकाणी दोनतीनशे माणसे, पुढे नवे बूट घातलेली तरुण मुले, बायकांचा गट मागे. भाषण संपते, झेंडा हलतो, घड्याळ सुरू होते. तिचा पाय रेषेवरून पडतो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झालेली असतात. ती आपल्या चालीने चालली तर पहिला चेकपॉइंट गाठेल ८ वाजून १० मिनिटांनी, आणि तिथे तो बंद झालेला असेल. तिची काहीही चूक नसताना, काहीही दुखत नसताना, आठव्या किलोमीटरवर तिची चाल संपली.

समजा ती घाईने चालली आणि पावणेआठच्या पुढे, ७ वाजून ५५ मिनिटांनी पोचली. तिथे दोन शौचालये आहेत. पुरुषांना रांग नाही. कारण सांगायला नको. बायकांची रांग मात्र आहे आणि तिच्या पुढे वीसजणी उभ्या आहेत. साडी, सलवार, पाळी असेल तर कापड किंवा पॅड बदलणे, पाण्याचा डबा भरून आणणे हे सगळे धरून एकीला सरासरी तीन मिनिटे लागतात. वीसजणींना दोन शौचालयांत तीस मिनिटे, आणि मग हिची तीन. ती बाहेर पडते साडेआठला. आता साडेदहापर्यंत १२० मिनिटे उरली. त्यातली ४५ चढणीची काढा. उरल्या ७५ मिनिटांत ७ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला अकरा मिनिटांपेक्षाही कमी. नेस्मिथच्या नियमातला तयारीचा गिर्यारोहकही किलोमीटरला बारा मिनिटे घेतो. तोसुद्धा साडेआठला निघाला तर १० वाजून ३९ मिनिटांनी पोचेल, आणि दार बंद असेल. म्हणजे लघवीला गेलेली बाई या चालीत टिकूच शकत नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेले नाही, पण आकड्यांत लिहिलेले आहे.

बायकांना हे आकडे मांडता आले नाहीत तरी अनुभवाने ठाऊक असतात. म्हणून त्या काय करतात? पाणी पीत नाहीत. आदल्या रात्रीपासून कमी पितात, चेकपॉइंटवर पुढे केलेला ग्लास परत करतात. शेतावर, बाजारात, एसटीच्या प्रवासात, मोर्चात त्यांनी हेच केलेले असते, त्यामुळे यात कुणाला काही विशेष वाटत नाही. घाटाच्या चढावर, उन्हात, पाण्याविना चालणाऱ्या बाईचे डोके दुखू लागते, पायात गोळे येतात, लघवी गडद पिवळी होते, आणि नंतर आठवडाभर जळजळ सोसावी लागते. संध्याकाळी आयोजक म्हणतात, ‘बायकांचा स्टॅमिना कमी पडला.’ स्टॅमिना हा शब्द ऐकला की मला आधी त्या रांगेची लांबी विचाराविशी वाटते.

रांगेचाही हिशेब अवघड नाही. अर्ध्या तासात तीस बायका येणार असतील आणि एकीला तीन मिनिटे लागत असतील, तर एकूण नव्वद मिनिटांचे काम तीस मिनिटांत उरकायचे आहे. म्हणजे किमान तीन शौचालये असतील तरच रांग वाढत नाही. एखादे तुंबले, पाणी संपले, तर म्हणून चार. कनातीचे आडोसे चालतात, खड्डा चालतो, गावातल्या चार घरांशी आधी बोलून ठेवले तरी चालते. दोन शौचालये लावून चार शौचालयांचे वेळापत्रक छापणे मात्र चालू नये.

यावर एक सुचवणी नेहमी येते : बायकांना अर्धा तास वाढवून द्या. चांगल्या मनाने केलेली असते. नेदरलँडमधल्या नायमेखनच्या चार दिवसांच्या प्रसिद्ध चालीत, जी १९०९ पासून भरते, वर्षानुवर्षे तरुण पुरुषांना रोज ५० किलोमीटर आणि बायकांना ४० असा भेद होता. मला ही सवलत पटत नाही. सवलत दिली की मूळ वेळापत्रक बरोबर ठरते आणि बाई उणी ठरते. इथे तर तिचे पाय उणे नाहीत. थांबण्याचा वेळ धरलेला नाही, एवढेच आहे. तो न धरल्याने साठीचा गृहस्थ, गुडघा दुखणारा पोस्टमन, काठी घेऊन चालणारा मुलगा हेही गळतात. वेळ सगळ्यांसाठी मोजा, पण खरा मोजा.

खरा मोजायचा म्हणजे कसा? शेवटी चालणाऱ्या व्यक्तीपासून सुरुवात करून. वरचीच वाट घेऊ. शेवटच्या गटाची चाल किलोमीटरला १७ मिनिटे धरू, म्हणजे ताशी साडेतीन. सुरुवातीच्या गर्दीची दहा मिनिटे धरली तर पहिला चेकपॉइंट ८ वाजून २६ मिनिटांनी येतो. तो साडेआठला बंद करा. तिथे पंधरा मिनिटे थांबणे. पावणेनऊला निघून ७ किलोमीटरला ११९ मिनिटे आणि चढणीची ४५, म्हणजे साडेअकराला घाटमाथा. तिथे अर्धा तास भाकरी खायला. बाराला निघून तिसरा चेकपॉइंट सव्वादोन-दोन वीसला. पुन्हा पंधरा मिनिटे. मग शेवटचे ७ किलोमीटर, आणि थकल्या पायांसाठी थोडी मिनिटे जास्त धरून शेवट पावणेपाचला. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड हाताशी आहे, आणि कुणी लंगडत आली तरी तासाभराची सोय आहे. नऊ तासांचे पावणेअकरा झाले. पत्रकावरची सरासरी ताशी २.८ होईल आणि ती वाचून काही जण हसतील. हसू द्या. चालताना पायांना साडेतीनचा वेग ठेवावाच लागणार आहे; बाकीचा वेळ थांब्यांचा आहे.

थांबा वेळापत्रकातच धरायचा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. पंढरीच्या वारीत विसावा हा वाटचालीचाच भाग असतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी सुमारे तीस किलोमीटरची मजल असते आणि मध्ये दिवे घाट चढायचा असतो, तरी विसाव्याच्या जागा नि वेळा ठरलेल्या असतात. वारीत बायकांच्या सोयींचे हाल किती होतात ते वेगळे सांगायला नको, पण निदान माणूस थांबणारच हे तिथे आधी मान्य केलेले असते. आणि मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवा. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर, सहा दिवसांत, हजारो आदिवासी बायका, कित्येकींच्या पायांची सालपटे निघालेली. शेवटच्या रात्री, सकाळी दहावीच्या मुलांच्या परीक्षेला अडचण नको म्हणून, त्या सोमय्या मैदानावरून रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालत गेल्या. त्या बायकांना वेळ पाळता येत नाही, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे?

आयोजकांकडून दोन अडचणी पुढे येतात. पहिली, पावणेदोन तास जास्त म्हणजे स्वयंसेवक, रुग्णवाहिका, परवानगी सगळे वाढले. खरे आहे. मग वेळ कापण्याऐवजी अंतर कापा. पंचवीस किलोमीटरची चाल प्रामाणिक वेळेत ठेवा. तीसचा आकडा पत्रकावर शोभतो एवढ्यासाठी तिसऱ्या चेकपॉइंटवर माणसे अडवू नका. दुसरी सुचवणी, हळू चालणाऱ्यांना लवकर, साडेचारला सोडा. शहरातल्या काही चालींना हे जमते. पण गावातून येणाऱ्या बाईला साडेचारला रेषेवर उभे राहायचे तर तीनला घर सोडावे लागते, आणि त्याआधी घरची भाकरी थापावी लागते. तीनला एसटी नसते. अंधारात तिला कोण आणून सोडणार, हा प्रश्न ज्यांना पडत नाही त्यांनाच हा उपाय सोपा वाटतो.

आणि आपण स्वतः चालणार असू तर? एक गोष्ट सुटण्याआधीच विचारून घ्यावी : कट-ऑफ आत येण्याचा आहे की बाहेर पडण्याचा? पहिल्या पद्धतीत आठच्या आत चेकपॉइंटवर नोंद झाली की तुम्ही तिथे थांबू शकता. दुसऱ्या पद्धतीत आठला तुमचे पाऊल पुढच्या वाटेवर पडलेले हवे. पत्रकात नुसते ‘बंद’ लिहिलेले असते आणि दोन चेकपॉइंटांवरचे दोन स्वयंसेवक त्याचे दोन अर्थ लावतात. हे लेखी घ्या.

मग प्रत्येक चेकपॉइंटवरून निघताना एकच हिशेब करावा. पुढचे दार बंद व्हायला किती मिनिटे उरली, त्यातून चढणीची मिनिटे वजा करा, वाटेतल्या थांब्याची वजा करा, उरलेल्याला किलोमीटरांनी भागा. उत्तर १७ आले तर आपली चाल पुरते. १५ आले तर बोलणे कमी करून चालावे लागेल. १२ च्या खाली आले तर ते आपल्या पायांचे काम नाही. तिथे पळत सुटून घाटात धाप लागून बसण्यात अर्थ नसतो, आणि उतारावर पळालेले गुडघे महिनाभर आठवण देतात. मागे पडत चाललो आहोत हे शेवटी कळून उपयोग नाही. पहिल्या दोन-तीन दगडांमध्येच पाहावे. पंधराची सतरा, सतराची एकोणीस होऊ लागली की समजावे.

गटाने चालताना एक वेगळीच गळती असते. चौघी असतील तर चाल सर्वांत हळू असणारीची धरावी लागते हे सगळ्यांना कळते. थांब्यांचे मात्र लक्षात येत नाही. एकीला चप्पल नीट करायची, दहा मिनिटांनी दुसरीला पाणी, मग तिसरीला आडोसा. प्रत्येक वेळी चौघी थांबतात. पाच-पाच मिनिटांचे चार थांबे वेगवेगळे झाले तर वीस मिनिटे जातात, एकदम झाले तर सात-आठच. म्हणून थांबा आधी ठरवावा, समजा दर तीन दगडांनंतर, आणि त्यात सगळ्यांनी सगळे उरकावे.

सहआयोजक म्हणून आपले नाव पत्रकावर छापायला देण्याआधी आपल्या गटांनी हे वेळापत्रक कागदावर मागावे असे मला वाटते : प्रत्येक टप्प्याचे अंतर, चढण, बंद होण्याची वेळ, शौचालयांची संख्या. आणि एक प्रश्न अडवलेल्या बाईबद्दलचाही विचारावा. टेम्पोत बसवल्यावर तिला नेतात कुठे? बऱ्याचदा टेम्पो भरेपर्यंत तिथेच उन्हात बसवून ठेवतात, मग शेवटच्या ठिकाणी सोडतात, आणि तिचे सामान, पैसे, बरोबरच्या बायका मागे घाटात असतात. टेम्पो किती वाजता सुटणार, त्यात एखादी स्त्री स्वयंसेवक असणार का, तो एसटी स्टँडवर थांबणार का, हेही त्याच कागदावर लिहिलेले हवे.